जाळी सगळी फिरलेली दिसते, मग न फिरणारी दिशा कुठे असते?

प्रश्न: मॅट्रिक्सने ताणलेल्या आणि फिरवलेल्या जाळीचं चित्र पाहिलं. निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट झालं, एवढं कळलं. पण आयगेन सदिशांची दिशा बदलत नाही म्हणतात, आणि चित्रात तर प्रत्येक रेघ तिरकी झालेली दिसते. मग ते आहेत कुठे?

उत्तर:

ते त्याच चित्रात आहेत, फक्त त्यांच्यावरून रेघ काढलेली नाही. जाळीत दोनच दिशांच्या रेघा असतात, आडव्या आणि उभ्या. त्यामुळे चित्र आपल्याला थेट सांगतं ते या दोन दिशांचं काय झालं एवढंच. या दोन्ही दिशा वळल्या म्हणून सगळं प्रतल वळलं असा समज होतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. एक मॅट्रिक्स घेऊन शेवटपर्यंत त्याच्याबरोबरच राहू:

```
A = | 4  -2 |
    | 1   1 |
```

हा मॅट्रिक्स (x, y) या बिंदूला (4x − 2y, x + y) इथे नेतो. पहिला स्तंभ म्हणजे (1, 0) जिथे जाऊन पडतो ते ठिकाण, (4, 1). दुसरा स्तंभ म्हणजे (0, 1) जिथे पडतो ते ठिकाण, (−2, 1). आलेख कागदावर आरंभबिंदूपासून हे दोन बाण काढा. आडवी दिशा सुमारे 14 अंशांनी डावीकडे वळली आहे आणि उभी दिशा सुमारे 63 अंशांनी डावीकडे. (आरंभबिंदूवर उभं राहून बाणाच्या दिशेने पाहिलं तर जी डावी बाजू, ती इथे डावीकडे म्हटली आहे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने.) नवी जाळी या दोन बाणांना समांतर रेघांची होते. रेघा सरळच राहतात, त्यांच्यातली अंतरं सारखी राहतात आणि आरंभबिंदू हलत नाही.

आधी निश्चयक उरकून घेऊ, कारण पुढे तो आयगेन सदिश शोधायलाही लागणार आहे. एकक चौरसाचे चार कोपरे आता (0, 0), (4, 1), (2, 2) आणि (−2, 1) इथे गेले आहेत. सूत्र बाजूला ठेवून क्षेत्रफळ कागदावरच मोजता येतं. (−2, 1) ते (4, 1) हा कर्ण नेमका आडवा आहे आणि त्याची लांबी 6 आहे. त्याच्या वर (2, 2) हा कोपरा 1 एककाने उंच आहे, खाली (0, 0) हा 1 एककाने खोल आहे. म्हणजे पाया 6 आणि उंची 1 असलेले दोन त्रिकोण, प्रत्येकी 3, एकूण 6. सूत्रानेही 4×1 − (−2)×1 = 6 हेच येतं. जाळीतला प्रत्येक चौरस याच मापाचा समांतरभुज चौकोन बनतो, फक्त जागा वेगळी. आणि कुठलीही आकृती बारीक बारीक चौरसांनी हवी तितकी जवळून भरता येत असल्यामुळे वर्तुळ असो की वेडावाकडा डाग, सगळ्यांचं क्षेत्रफळ 6 पटच होतं.

निश्चयकाच्या चिन्हाबद्दल एक गोष्ट चित्र काढणारे हमखास विसरतात. दोन्ही स्तंभांची अदलाबदल केली तर निश्चयक −6 होतो, पण समांतरभुज चौकोन तोच राहतो आणि नुसती जाळी पाहून काहीच फरक कळत नाही. प्रतल पालथं झालं आहे की नाही हे दिसायचं असेल, तर मूळ चौरसात «र» सारखं असमान आकाराचं अक्षर काढा. निश्चयक धन असेल तर अक्षर ताणलेलं, कललेलं दिसेल, पण वाचता येईल. ऋण असेल तर ते आरशातल्यासारखं उलटं दिसेल.

आता मूळ प्रश्न. इतर दिशांचं काय होतं ते पाहण्यासाठी एकेक बाण घ्या, त्याच्यावर A लावा, आणि जुना व नवा बाण एकाच कागदावर काढा. (3, 1) हा (10, 4) होतो, 18.4 अंशांवरचा बाण 21.8 अंशांवर जातो, म्हणजे डावीकडे वळतो. (1, 2) हा (0, 3) होतो; 63.4 वरून थेट 90 अंशांवर, पुन्हा डावीकडे. पण (3, 2) घ्या. तो (8, 5) होतो आणि 33.7 अंशांवरून 32.0 अंशांवर येतो. हा बाण उजवीकडे वळला! जाळीच्या दोन्ही रेघा डावीकडे वळलेल्या असताना मधला एक बाण उजवीकडे वळतो, ही या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि जाळीकडे बघून ती कधीच लक्षात येत नाही.

बाणाची दिशा हळूहळू बदलत नेली तर त्याचं वळणंही हळूहळूच बदलतं. 18.4 अंशांवर वळण डावीकडे आणि 33.7 अंशांवर उजवीकडे, तर मध्ये कुठेतरी ते शून्य व्हायलाच हवं. तसंच 33.7 आणि 63.4 यांच्या मध्येही एकदा. त्या दोन जागा म्हणजेच आयगेन सदिशांच्या दिशा.

नेमक्या कुठे, हे निश्चयकच सांगतो. बाण v आणि त्याचा नवा बाण Av या दोघांना बाजू मानून समांतरभुज चौकोन काढा. Av डावीकडे वळला असेल तर त्याचं चिन्हासह क्षेत्रफळ धन, उजवीकडे वळला तर ऋण, आणि दोघे एकाच रेषेवर असतील तर शून्य. v = (x, y) घेतला तर हे क्षेत्रफळ असं येतं:

```
x(x + y) - y(4x - 2y) = x² - 3xy + 2y² = (x - y)(x - 2y)
```

हे शून्य होतं ते फक्त दोन रेषांवर: x = y आणि x = 2y. पहिल्या रेषेवर (1, 1) घ्या. तो (2, 2) होतो, जागच्या जागी दुप्पट. दुसरीवर (2, 1) घ्या. तो (6, 3) होतो, जागच्या जागी तिप्पट. म्हणजे आयगेन मूल्यं 2 आणि 3. या दोन रेषा 45 आणि 26.6 अंशांवर आहेत. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि आरंभबिंदूच्या पलीकडे त्याच्या समोर असलेल्या पट्ट्यात, सगळे बाण उजवीकडे वळतात. उरलेल्या प्रतलात सगळे डावीकडे. पट्टा जेमतेम 18.4 अंशांचा असल्यामुळे, नमुन्याचे बाण दर 45 अंशांवर काढले तर त्यांतला एकही पट्ट्याच्या आत पडत नाही आणि उजवीकडचं वळण दिसतच नाही. दर 5 अंशांवर काढले तर 30, 35 आणि 40 अंशांवरचे तीन बाण आत सापडतात. डावीकडे वळणारे एका रंगात आणि उजवीकडे वळणारे दुसऱ्या रंगात काढा. रंग जिथे बदलतो तिथे आयगेन दिशा.

कुठल्याही 2×2 मॅट्रिक्ससाठी, वरची ओळ a, b आणि खालची c, d असेल तर हीच राशी c·x² + (d − a)·xy − b·y² अशी येते, आणि चित्राचे तीन मुख्य प्रकार इथूनच पडतात. आपल्या उदाहरणासारखे तिचे दोन वेगळे अवयव पडले तर दोन आयगेन रेषा मिळतात. a = 1, b = 1, c = 0, d = 1 असा मॅट्रिक्स, जो प्रतल आडवं सरकवतो, घेतला तर राशी −y² येते. ती फक्त X-अक्षावर शून्य होते आणि दोन्ही बाजूंना ऋणच राहते, म्हणून एकच आयगेन रेषा मिळते आणि तिथे रंगही बदलत नाही. a = 1, b = −1, c = 1, d = 1 घेतला तर राशी x² + y² येते, जी आरंभबिंदू सोडून कुठेच शून्य होत नाही. प्रत्येक बाण 45 अंशांनी डावीकडे वळतो आणि √2 पट लांब होतो. जाळी खऱ्या अर्थाने फिरली असं म्हणायचं ते इथे, आणि वास्तव आयगेन सदिश नसतात तेही इथेच. तेव्हा जाळी फिरलेली दिसली तरी आधी हा कोणता प्रकार आहे ते पाहावं, कारण पहिला आणि तिसरा प्रकार नुसत्या जाळीवरून ओळखणं अवघड असतं.

पाठ्यपुस्तकात आयगेन मूल्यं काढायला det(A − λI) = 0 हे समीकरण देतात; त्यात det म्हणजे निश्चयक आणि I म्हणजे काहीच न हलवणारा एकक मॅट्रिक्स. तेही चित्रात पाहता येतं, आणि पाहावंच, नाहीतर ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. λ साठी एक सरकपट्टी कल्पा. A − λI चे स्तंभ (4 − λ, 1) आणि (−2, 1 − λ) आहेत. λ वाढवत गेलं की पहिल्या बाणाचं टोक डावीकडे सरकतं आणि दुसऱ्याचं खाली. त्यांच्यामधलं क्षेत्रफळ λ² − 5λ + 6 आहे. λ = 0 असताना 6, λ = 1 ला 2, आणि λ = 2 ला शून्य. त्या क्षणी बाण (2, 1) आणि (−2, −1) असतात, म्हणजे एकाच रेषेवर, आणि सगळं प्रतल चेपून त्या रेषेवर येतं. प्रतल चेपलं की कुठली तरी एक दिशा पूर्ण नाहीशी होऊन आरंभबिंदूवर पडते; इथे ती (1, 1) ची आहे, कारण 2 − 2 = 0 आणि 1 − 1 = 0. आता A − 2I ने (1, 1) ला शून्यावर नेलं याचा अर्थ A ने त्याला नेमकं दुप्पट केलं होतं. λ = 2.5 ला क्षेत्रफळ −0.25 होतं, म्हणजे चौरस पालथा झालेला असतो, आणि λ = 3 ला तो पुन्हा चेपला जातो. चौरस जिथे चेपला जातो त्या λ च्या किमती म्हणजे आयगेन मूल्यं.

एकदा या दोन दिशा हातात आल्या की जाळी पुन्हा काढा, पण या वेळी आडव्या-उभ्या रेघांची नको, (2, 1) आणि (1, 1) यांना समांतर रेघांची. हिचा एक चौकोन 2×1 − 1×1 = 1 क्षेत्रफळाचा आहे, योगायोगाने मूळ चौरसाएवढाच. A लावल्यावर त्याच्या बाजू (6, 3) आणि (2, 2) होतात. एक बाजू जागेवरच तिप्पट, दुसरी जागेवरच दुप्पट, एकही रेघ वळलेली नाही. नवं क्षेत्रफळ 6×2 − 3×2 = 6. निश्चयक हा आयगेन मूल्यांचा गुणाकार का असतो, याचं उत्तर याच चित्रात आहे. तिरक्या जाळीत A म्हणजे नुसतं दोन दिशांना ताणणं आहे. चौकोनी जाळीत दिसणारं वळण, त्या दोन दिशा आपल्या अक्षांवर नसल्यामुळे दिसतं.

A पुन्हा पुन्हा लावून पाहिलं तर हे आणखी पक्कं होतं. (1, 0) पासून सुरू केलं तर क्रमाने (4, 1), (14, 5), (46, 19), (146, 65) मिळतात. यांचे चढ 0.25, 0.357, 0.413, 0.445 असे वाढत जाऊन 0.5 कडे, म्हणजे (2, 1) च्या रेषेकडे जातात. कारण (1, 0) = (2, 1) − (1, 1) आहे आणि n वेळा A लावल्यावर पहिला भाग 3ⁿ पट तर दुसरा 2ⁿ पट होतो; मोठा भाग लवकरच भारी पडतो. उजवीकडे वळणाऱ्या पट्ट्यातले बाणही याच रेषेकडे वळत असतात, फक्त दुसऱ्या बाजूने.

आता चित्र काढताना आणि वाचताना जे चुकतं त्याबद्दल. सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज असा, की प्रतल जिकडे सर्वाधिक ताणलं जातं ती आयगेन दिशा. एकक वर्तुळावर A लावून पाहा. त्याचं लंबवर्तुळ होतं, आणि त्याच्या निम्म्या अक्षांच्या लांबी सुमारे 4.50 आणि 1.33 येतात, 3 आणि 2 नव्हे. लांब अक्ष 6.3 अंशांवर आहे, तर (2, 1) ची दिशा 26.6 अंशांवर. सर्वाधिक ताणला जाणारा बाण मुळात X-अक्षाच्या खाली 24.7 अंशांवर होता. तो वळून 6.3 अंशांवर आला, म्हणून तो आयगेन सदिश नाही. 4.50 आणि 1.33 ही वेगळ्या जातीची मूल्यं आहेत, त्यांना सिंग्युलर मूल्यं म्हणतात. त्यांचा गुणाकारही 6 च येतो, कारण लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ 6π असायलाच हवं, आणि त्यामुळे गैरसमज पकडला जात नाही. मॅट्रिक्स सममित असेल, म्हणजे b = c असेल, तर लंबवर्तुळाचे अक्ष आयगेन दिशांवरच येतात. बहुतेक ठिकाणी उदाहरण सममित घेतात, तिथे आयगेन सदिश एकमेकांना लंब दिसतात, आणि ते नेहमी तसेच असतात असं मनात बसतं. आपल्या उदाहरणात त्यांच्यातला कोन 18.4 अंश आहे.

बाकीच्या चुका संगणकावर होतात. हा छोटा कोड पुरेसा आहे:

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

A = np.array([[4, -2], [1, 1]])
s = np.linspace(-3, 3, 50)

for k in range(-3, 4):
    for L in (np.array([s, 0*s + k]), np.array([0*s + k, s])):
        plt.plot(*L, color="lightgray")
        plt.plot(*(A @ L), color="steelblue")

for p in ((2, 1), (1, 1)):
    plt.axline((0, 0), p, color="crimson")

plt.gca().set_aspect("equal")
plt.show()
```

`set_aspect("equal")` ची ओळ गाळली तर दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं होतं. आयगेन रेषा तरीही बरोबर जुळतात, पण कोन आणि वर्तुळं खोटी दिसतात, आणि 45 अंशांची रेषा 45 वर दिसत नाही. हीच खूण धरून चूक पकडावी.

दुसरी चूक जास्त धोकादायक आहे. वरच्या कोडमध्ये बिंदू स्तंभांमध्ये ठेवले आहेत, म्हणून `A @ L` बरोबर आहे. बिंदू ओळींमध्ये असतील, म्हणजे `P` चा आकार N×2 असेल, तर `P @ A.T` लिहावं लागतं. तिथे `P @ A` लिहिलं तर कोड तक्रार न करता चालतो, पण प्रत्यक्षात ओळी आणि स्तंभ उलटवलेला मॅट्रिक्स लागतो. त्याचा निश्चयक 6 च असतो, आयगेन मूल्यंही 2 आणि 3 च असतात. म्हणजे आकड्यांनी केलेली प्रत्येक तपासणी बरोबर निघते आणि चित्र मात्र चुकीचं असतं, कारण आयगेन दिशा बदलून (1, −2) आणि (1, −1) झालेल्या असतात. यावर एकच साधी तपासणी आहे: (1, 0) हा पहिल्या स्तंभावर, (4, 1) वर, पडतो का ते पाहा. तो (4, −2) वर पडला तर मॅट्रिक्स उलटा लागला आहे.

`np.linalg.eig(A)` मधून येणारे आयगेन सदिशही स्तंभांमध्ये असतात. पहिला हवा असेल तर `V[:, 0]` घ्यावा लागतो. `V[0]` घेतलं तर दोन वेगवेगळ्या सदिशांचे पहिले घटक जोडून तिसरीच दिशा तयार होते; आपल्या मॅट्रिक्ससाठी ती 38 किंवा 52 अंशांच्या आसपास पडते (क्रमावर अवलंबून), म्हणजे खऱ्या रेषांच्या इतकी जवळ की पटकन नजरेत येत नाही. शिवाय हे सदिश 1 लांबीचे करून दिलेले असतात आणि त्यांचं चिन्ह उलटंही असू शकतं. (2, 1) ऐवजी (−0.894, −0.447) आलं तर ती चूक समजू नये, रेषा तीच आहे.

जाळी हळूहळू बदलत जाणारं चलचित्र करायचं असेल तर (1 − t)·I + t·A हे सूत्र t = 0 ते 1 वापरा. त्यात आयगेन रेषा पूर्ण वेळ स्थिर राहतात. (1, 1) वरचं ताणणं 1 + t, आणि (2, 1) वरचं 1 + 2t. लाल रेषा आधीच काढून ठेवल्या तर सगळी जाळी हलताना त्या दोन रेषांवरचे बिंदू फक्त रेषेवरूनच बाहेर सरकताना दिसतात. निश्चयक ऋण असेल तर मात्र चलचित्रात एक क्षण असा येतोच की सगळी जाळी एका रेषेवर चेपली जाते. 1 पासून ऋण संख्येपर्यंत सलग जाताना शून्य ओलांडावाच लागतो, त्यामुळे तो कोडचा दोष समजून काढून टाकायचा प्रयत्न करू नये.